आकाश एकाच फ्रेमचं

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला जाताना आरे-वारेच्या चढणीवर एक वळण आहे. तिथून खाली सुरूचं बन दिसतं, पलीकडे ओहोटीची ओली वाळू आणि समोर नुसता समुद्र. ऑक्टोबरात सूर्य मावळताना कॅमेऱ्याने आकाश नीट घेतलं तर बन काळं ठिक्कर पडतं, आणि बन नीट घेतलं तर सूर्याभोवतीचे ढग पांढरे फट्ट होतात. म्हणून ॲपर्चर एफ ११, आयएसओ १०० असं कायम ठेवून तीन फ्रेम घ्यायच्या: १/२५० सेकंद ढगांसाठी, १/६० मधली आणि १/१५ बनासाठी. दर फ्रेमला दोन स्टॉपचं, म्हणजे चौपट उजेडाचं अंतर. यालाच एक्सपोजर ब्रॅकेटिंग म्हणतात.

पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा डायल हाताने फिरवून तीन फ्रेम घेतल्या होत्या. घरी जोडून बघतो तर एकेका ढगाला तीन-तीन कडा, पिंजलेल्या कापसाचे थर लावावेत तशा. यालाच घोस्टिंग म्हणतात. दोष सॉफ्टवेअरचा वाटतो, पण ही अडचण संगणकाच्याही कितीतरी आधीची आहे, आणि तिच्यावरचा सगळ्यात चांगला तोडगाही तितकाच जुना आहे.

ग्युस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार १८५६-५७ च्या सुमारास समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हा निगेटिव्ह म्हणून वापरायची ओल्या कलोडियनची काच मुख्यतः निळा आणि अतिनील प्रकाशच टिपायची. त्यामुळे समुद्र-किनाऱ्याला पुरेल एवढा वेळ दिला की निळं आकाश हमखास जळून जायचं. ल ग्रेने काही चित्रांसाठी दोन निगेटिव्ह वापरल्या, एक पाण्याची आणि एक आकाशाची. छापताना एकीचं आकाश झाकायचं, दुसरीचं पाणी झाकायचं आणि जोड नेमका क्षितिजरेषेवर आणायचा. समुद्राचं क्षितिज सरळ असतं, त्यामुळे सांधा लपायचा. त्याच्या ढगांना दुहेरी कडा येणं शक्यच नव्हतं, कारण आकाश नेहमी एकाच निगेटिव्हचं असायचं. वेगळ्या चित्रांत तेच ढग पुन्हा वापरल्याचंही पुढे लोकांच्या लक्षात आलं. पण तो वेगळा वाद आहे.

दुसरी वाट विसाव्या शतकाच्या मध्याला चार्ल्स वायकॉफने काढली. अणुस्फोट टिपण्यासाठी त्याने एकाच फिल्मवर जास्त, मध्यम आणि कमी संवेदनशील असे तीन थर दिले. तिन्ही एक्सपोजर एकाच क्षणी होत असल्याने काही हलायला मधे वेळच उरत नव्हता. पण ती फिल्म आपल्यासारख्यांच्या पिशवीत येणारी नव्हती.

डिजिटल काळात कल्पना परत आली ती गणिताच्या अंगाने. १९९५ साली स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी वेगवेगळ्या एक्सपोजरच्या फ्रेम जोडून उजेडाचा पल्ला वाढवण्याची पद्धत मांडली. १९९७ साली पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी तिला घट्ट रूप दिलं. त्यांचं गाजलेलं उदाहरण म्हणजे स्टॅनफर्डच्या चर्चचा आतला भाग, सोळा फोटो, सगळ्यात लांब एक्सपोजर तीस सेकंदांचं. पद्धत थोडक्यात अशी: प्रत्येक ठिकाणचा पिक्सेल सगळ्या फ्रेममधून उचलायचा, शटरच्या वेळेने भागून तिथे खरा उजेड किती होता ते काढायचं, आणि या सगळ्या उत्तरांची भारित सरासरी घ्यायची, म्हणजे भरवशाच्या उत्तराला जास्त वजन देऊन. यात एक गृहीत दडलं आहे, की तो पिक्सेल सगळ्या फ्रेममध्ये एकाच वस्तूचा आहे. चर्चचे खांब आणि रंगीत काचा हे गृहीत आनंदाने पाळतात. कोकणातला ढग पाळत नाही. पहिल्या फ्रेममध्ये त्या जागी ढग, तिसऱ्यात निळं आकाश, आणि सरासरी दोघांची. भूत येतं ते इथून.

ढग किती सरकतो याचा हिशेब सोपा आहे. फुल फ्रेम कॅमेरा, सहा हजार पिक्सेल रुंदी, २४ मिमी लेन्स. जमिनीपासून एक किलोमीटर उंच ढग क्षितिजाच्या वर तीस अंशांवर दिसत असेल तर तो आपल्यापासून दोन किलोमीटरवर असतो. वारा सेकंदाला दहा मीटर आणि आडवा असेल तर तो ढग फ्रेममध्ये सेकंदाला साधारण वीस पिक्सेल सरकतो. डायल फिरवायला मला पाच-पाच सेकंद लागले, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेममध्ये शंभर पिक्सेलचा फरक. कॅमेऱ्याचं ऑटो ब्रॅकेटिंग सेकंदाला पाच फ्रेमच्या वेगाने चालवलं तर हाच फरक चार पिक्सेलवर येतो. क्षितिजाजवळचे ढग लांब असल्याने त्याहून कमी सरकतात. एवढ्या एका बदलाने निम्मं दुखणं जातं.

सॉफ्टवेअरने नंतर बरंच करून पाहिलं. २००३ साली ग्रेग वॉर्डने हातात धरून काढलेल्या फ्रेम जुळवण्याची जलद रीत दिली, पण ती सगळी फ्रेम सरकवते. बन स्थिर आणि ढग चालता असेल तर तिचा उपयोग नाही. २००७ ची एक्सपोजर फ्यूजन पद्धत उजेडाचं गणित टाळून प्रत्येक फ्रेममधला चांगला भाग उचलते. रंग नैसर्गिक राहतात, ढगांच्या कडा मात्र तिथेही मिसळतात. २०१० च्या फोटोशॉपमध्ये Remove Ghosts हा पर्याय आला. त्याचं तत्त्व असं, की जिथे फ्रेमचं एकमेकांशी पटत नाही तिथे सरासरी सोडा आणि एका निवडलेल्या फ्रेमवर विश्वास ठेवा.

म्हणजे फिरून ल ग्रेपाशीच. फरक इतकाच, की कुठे तडजोड करायची हे यंत्र ठरवतं, आणि ते चुकतं कसं हे ओळखता यायला हवं. आरे-वारेच्या फोटोत १/६० ची फ्रेम आधार धरली गेली आणि सूर्याशेजारी एक मळकट, सपाट ठिगळ आलं. त्या फ्रेममध्ये तो भाग आधीच जळलेला होता. मग १/२५० आधार धरली. आकाश सुधारलं, पण वाऱ्यावर हलणारे सुरूचे शेंडेही त्याच अंधाऱ्या फ्रेममधून आले आणि बनात मधेच दाणेदार नॉइजचे तुकडे दिसू लागले. शंभर टक्के झूम करून एकसारख्या भागात दाणा अचानक बदलतो का ते पाहिलं की हे सापडतं.

शेवटी हाताने केलं. बन आणि वाळूसाठी १/६० आणि १/१५ एवढ्याच जोडल्या. क्षितिजाच्या वरचं सगळं आकाश १/२५० च्या एकट्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेल्या, फाइलमधून घेतलं, थोडं उजळून. सांध्याचा मास्क क्षितिजावर आखून कड किंचित मऊ केली. हे या वळणावरून जमतं, कारण उंचीमुळे सुरूचे शेंडे क्षितिजाच्या खाली राहतात. खाली किनाऱ्यावर उभं राहिलात तर झावळ्या आणि शेंडे आकाशात घुसतात आणि मास्क त्यांच्या पानापानांतून न्यावा लागतो. तिथे मी ब्रॅकेटिंगच्या भानगडीत पडत नाही. हल्लीचा सेन्सर किमान आयएसओवर सावल्या तीनेक स्टॉप उचलू देतो, तेव्हा आकाश सांभाळून काढलेली एकच रॉ पुरते. फोनवाल्यांनीही असाच विचार केलेला दिसतो. गूगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेली पद्धत वेगवेगळी एक्सपोजर घेतच नाही, मुद्दाम काळसर ठेवलेल्या एकसारख्या अनेक फ्रेम जोडून नॉइज कमी करते.

ओल्या वाळूने मात्र मला अडवलं. तिच्यातलं ढगांचं प्रतिबिंब उजळ फ्रेममधून आलं होतं आणि वरच्या खऱ्या ढगापेक्षा जास्त चमकत होतं. पाण्यातलं प्रतिबिंब मूळ वस्तूपेक्षा उजळ असत नाही, त्यामुळे कारण कळलं नाही तरी बघणाऱ्याला ते खटकतं. मी वाळूचा ओला पट्टा तेवढा १/६० मधून घेतला आणि आकाशाच्या खाली बसेल इतका उतरवला.