तरंग समीकरण (ताणलेल्या तारेचे)

ताणलेल्या तारेचा प्रत्येक बिंदू तिच्या लांबीला काटकोनात कसा हलतो, हे सांगणारे आंशिक अवकल समीकरण. श्रेय बहुधा दालाँबेर यांना (१७४७ च्या सुमारास) दिले जाते. मात्र तारेच्या तुकड्यावरील परतीचे बल वक्रतेच्या प्रमाणात असते, ही कल्पना ब्रुक टेलर यांच्या १७१३ मधील लेखनात आधीच आढळते. त्यामुळे बलविचार टेलर यांचा आणि समीकरणाचे रूप दालाँबेर यांचे, असे मानणे अधिक न्याय्य वाटते.

तारेतील ताण T, एकक लांबीचे वस्तुमान μ आणि विस्थापन y(x,t) मानू. गुरुत्व व हवेचा रोध सोडून दिले, तर x ते x+dx या तुकड्याला फक्त शेजारची तार दोन्ही टोकांकडून ओढते. तार सरळ असेल तर दोन्ही ओढी एकमेकींना पुरत्या रद्द करतात. ती वाकली की दोन टोकांचे उतार वेगळे होतात आणि काटकोनातील बल उरते: T sinθ₂ − T sinθ₁. उतार लहान असल्यास sinθ च्या जागी tanθ, म्हणजेच ∂y/∂x, घेता येतो. दोन उतारांतला फरक (∂²y/∂x²)dx आहे. न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने हे बल वस्तुमान μdx गुणिले त्वरण यांच्याइतके असते. dx दोन्ही बाजूंनी जातो आणि उरते:

∂²y/∂t² = c² ∂²y/∂x², c = √(T/μ)

या मांडणीत T स्थिर धरला आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. वाकलेली तार किंचित लांबते. ही वाढ उताराच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती सोडून द्यावी असे वाटते. पण पोलाद इतके ताठ आहे की जराशा लांबीनेही ताण बराच वाढतो.

सतारीच्या बाजाच्या तारेसारखी ०.३ मिमी व्यासाची, ८८ सेंमी लांबीची पोलादी तार घेऊ. ६० न्यूटन ताणाला लाटेचा वेग c सुमारे ३२९ मी./से. आणि मूळ स्वर सुमारे १८७ हर्ट्झ येतो. ही तार मूळ स्वराच्या आकारात मध्यभागी ५ मिमी बाजूला गेली, तर टोकाशी उतार सुमारे ०.०१८ होतो. sinθ ऐवजी tanθ घेतल्याने तिथे होणारी चूक जेमतेम ०.०१६ टक्के. त्याच क्षणी ताण मात्र सुमारे १.१ न्यूटनने, म्हणजे जवळजवळ २ टक्के वाढलेला असतो. पोलादात लांबीच्या दिशेची लाट सेकंदाला सुमारे ५ किमी धावते, म्हणून ही वाढ एका तुकड्यापुरती न राहता साऱ्या तारेत पसरते.

म्हणून उतार १ पेक्षा लहान असणे पुरेसे नाही, त्याचा वर्ग ताणामुळे तारेत आधीच आलेल्या विकृतीपेक्षा (येथे सुमारे ०.००४) बराच लहान हवा. ही अट मोडल्याचे कानालाही कळते: जोरात छेडलेल्या तारेचा स्वर आधी किंचित चढा लागतो आणि कंपने मंदावत जातात तसा खाली येऊन स्थिरावतो.