टाच बाहेरून झिजली म्हणजे पाय बाहेर वळतो असं नाही

"भाऊ, जुन्या शूजच्या तळाचा फोटो टाकलाय, दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूने घासल्यात, म्हणजे मी सुपिनेटर, पाय बाहेर वळणारा ना? कोणता शूज घेऊ?"

नाही भाऊ. पळताना टाचेवर उतरणाऱ्या बहुतेकांची हीच बाजू घासते, कारण पाय जमिनीला लागतो तेव्हा किंचित बाहेर कललेला असतो, आधी तोच कोपरा टेकतो आणि टेकताना थोडा घसटतो, रबर तिथेच जातं. पाय आत वळतो तो त्यानंतर, तेव्हा तळ जमिनीला चिकटलेला असतो, घासणं जवळपास नसतंच, म्हणून ते फोटोत दिसतच नाही. म्हणजे पाय भरपूर आत वळणाऱ्याचीही टाच बाहेरूनच झिजलेली असू शकते, आणि तो मात्र सुपिनेटरवाला शूज शोधत सीताबर्डी पालथी घालतो!

त्यापेक्षा शूज टेबलावर ठेवून मागून बघ. मधला फोम एका बाजूला दबून शूज कललाय का? डावा-उजवा वेगळा झिजलाय का? मग फुटाळ्याला रोज रस्त्याच्या एकाच उताराच्या कडेने पळतो का तेही आठव. तुझे दोन्ही सारखे झिजलेत, काही दुखत नसेल तर दुकानात दोन-तीन जोड घालून थोडं पळ आणि जो आरामात बसेल तो घे.