थकलेले भाडे आणि गाळ्यातला माल : जप्तीच्या हक्काची पार्श्वभूमी

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, अलिबाग अशा कोकणातील गावांत बाजारपेठेतील गाळ्याचे भाडे काही महिने थकले की मालक आपले कुलूप भाडेकरूच्या कुलपावर चढवतो आणि पैसे दिल्याशिवाय आतला माल हलवू देणार नाही असे सांगतो. गाळा आपला आहे, भाडे खरोखरच थकले आहे, त्यामुळे आतील मालावर आपला पहिला हक्क आहे, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. भाडेकरूचीही बहुतेक तीच समजूत असल्याने तो पोलिसांकडे किंवा वकिलाकडे न जाता गयावया करत राहतो. ही समजूत पूर्णपणे निराधार नाही, कारण असा हक्क एका देशात शतकानुशतके होता आणि आपल्याच किनाऱ्याच्या उत्तर टोकाला, मुंबईत, त्याचे एक बांधलेले रूप कायद्यात आले. मात्र तो हक्क मुंबईच्या वेशीवर का थांबला आणि तिथेही तो मालकाच्या हाती का दिला गेला नाही, हे समजून घ्यायला थोडे मागे जावे लागते.

हा हक्क मूळचा इंग्लंडमधील. तेथील जुन्या रूढ कायद्यानुसार भाडे थकल्यास जमीनमालक न्यायालयाची परवानगी न घेता स्वतः जागेत शिरून तेथील वस्तू अडकवून ठेवू शकत असे. आरंभी तो त्या वस्तू केवळ ओलीस ठेवू शकत होता, विकू शकत नव्हता. १२६७ च्या मार्लबरोच्या कायद्याने थकबाकीच्या मानाने अवाजवी जप्ती करण्यास मनाई केली. विक्रीचा अधिकार १६८९ च्या कायद्याने मिळाला आणि तेव्हापासून हा हक्क वसुलीचे खरे हत्यार बनला. त्याची सर्वांत जाचक बाजू म्हणजे जागेत सापडलेली वस्तू भाडेकरूची नसून तिसऱ्याच माणसाची असली, तरी ती सामान्यतः जप्तीत सापडत असे. या जाचाला न्यायालयांनी हळूहळू अपवाद जोडले. १७४४ मध्ये मोजे विणण्याच्या मागाच्या जप्तीवरून उद्भवलेल्या सिम्प्सन विरुद्ध हार्टॉप या खटल्यात ते अपवाद एकत्र मांडले गेले. कारागिराकडे कामासाठी सोपवलेली गिऱ्हाइकाची वस्तू, त्या क्षणी प्रत्यक्ष वापरात असलेली वस्तू, आणि भागण्याइतका दुसरा माल उपलब्ध असेल तर धंद्याची अवजारे, यांना हात लावता येणार नाही, असे त्यांचे स्वरूप होते. यातील शेवटचे दोन अपवाद पुढे जवळजवळ जसेच्या तसे भारतात आले.

ते आले १८८२ च्या इलाखा शहर लघुवाद न्यायालय अधिनियमाच्या आठव्या प्रकरणातून. हे प्रकरण मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन शहरांपुरते होते. इंग्रजी वस्तीच्या या शहरांत इंग्रजी कायद्याची सवय आधीपासून रुळलेली होती, बाकीच्या मुलखात ती नव्हती. कायदा करणाऱ्यांनी हक्क ठेवला, पण त्याचा गाभा बदलला आणि माझ्या मते त्यांनी केलेले सर्वांत शहाणपणाचे काम तेच. मालकाने स्वतः माल अडकवायचा नाही. त्याने थकबाकीचे प्रतिज्ञापत्र देऊन लघुवाद न्यायालयाकडे वॉरंट मागायचे आणि जप्ती न्यायालयाच्या बेलिफाने करायची. कलम ६८ ने या प्रकरणाबाहेर भाड्यासाठी कोणतीही जप्ती करण्यास बंदी घातली, आणि बेलिफ नसताना अशी जप्ती करणाऱ्यास, किंवा तसा प्रयत्न करणाऱ्यासही, शिक्षा ठेवली. म्हणजे ज्या शहरात हा हक्क आहे, तिथेच मालकाने स्वतः माल अडवणे हा गुन्हा ठरवला गेला.

ही यंत्रणा कशी चालते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. माझगावच्या एका गाळ्यात मच्छीमार बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करणारा भाडेकरू आहे. भाडे दरमहा १८,००० रुपये आणि थकबाकी १५ महिन्यांची, म्हणजे २,७०,००० रुपये. गाळ्यात त्याचे नवे सुटे भाग, लेथ, पान्यांचे संच, आणि तीन नाखव्यांनी दुरुस्तीला दिलेली इंजिने आहेत. मालकाने वॉरंटचा अर्ज केला तर पहिली मर्यादा काळाची येते. अर्जाच्या आधी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ देय असलेल्या भाड्याला हे प्रकरण लागूच होत नाही. ढोबळ मानाने १२ महिन्यांचे २,१६,००० रुपये जप्तीने मागता येतील, उरलेल्या ५४,००० रुपयांसाठी त्याला वेगळा दावा लावावा लागेल.

दुसरी मर्यादा प्रवेशाची. बेलिफ सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वीच जप्ती करू शकतो. तिसरी मर्यादा वस्तूंची, आणि इथे बेलिफाला गाळ्यात उभे राहून निर्णय करावा लागतो. भाडेकरूच्या उघड ताब्यात दिसणारा तेवढाच माल त्याने घ्यायचा, आणि तोही थकबाकी व खर्च भागेल इतकाच. मेकॅनिक ज्या पान्याने काम करत आहे तो पाना घेता येत नाही. लेथ बंद उभा असला तरी सुट्या भागांच्या किमतीतून रक्कम भागत असेल तर लेथला हात लावायचा नाही. अंगावरचे आवश्यक कपडे आणि आधीच दुसऱ्या न्यायालयाच्या ताब्यात असलेला मालही वगळला आहे. नाखव्यांची इंजिने मात्र पेचात सापडतात, कारण ती गाळ्यात आहेत आणि वरवर पाहता भाडेकरूच्याच ताब्यात आहेत. बेलिफाने ती यादीत घेतली, तर त्या नाखव्यांना जप्तीपासून पाच दिवसांच्या आत न्यायाधीशाकडे अर्ज करून वॉरंट रद्द किंवा स्थगित करण्याची मागणी करता येते, आणि भाडेकरूलाही तोच मार्ग खुला आहे. म्हणूनच दुरुस्तीला दिलेल्या इंजिनाची पावती, तिच्यावर इंजिनाचा क्रमांक आणि तारीख असणे, ही अशा वेळी फार मोलाची गोष्ट ठरते. न्यायाधीशाला अन्याय्य जप्तीबद्दल भरपाई देण्याचाही अधिकार आहे. न्यायाधीशाने उलट हुकूम दिला नाही तर मालाचे मूल्यांकन आणि विक्री होते, आणि खर्च व भाडे वळते करून उरलेली रक्कम भाडेकरूला परत जाते.

आता हेच दुकान, हीच थकबाकी आणि हीच इंजिने रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात आहेत असे धरू. इथे आठवे प्रकरण लागू नाही, आणि भाड्यापोटी माल अडवण्याचा हक्क देणारा दुसरा सर्वसाधारण कायदाही नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने मालकाला भाड्याचा दावा आणि जागा परत मिळवण्याचे मार्ग दिले, पण भाडेकरूच्या मालावर बोजा दिला नाही. करार अधिनियमाच्या कलम १७१ मध्ये हिशेबाच्या बाकीसाठी माल रोखून धरण्याचा हक्क बँका, आडते, धक्केवाले, वकील अशा मोजक्यांना दिला आहे. त्या यादीत गाळेमालक नाही.

कोकणात या समजुतीला आणखी एक मूळ आहे, आणि ते इंग्लंडमधून आलेले नाही. खोती गावांत खोताला कुळांकडून येणे वसूल करण्यासाठी १८७९ च्या जमीन महसूल संहितेखाली सरकारी अधिकाऱ्यांची मदत मागता येत असे, आणि ती वसुली सारावसुलीच्याच पद्धतीने होई. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ चा. ती व्यवस्था शेतजमिनीची होती, दुकानांची नव्हती, आणि तिच्यातही जप्ती अधिकाऱ्यामार्फतच होई, तरी जागेच्या मालकाचे येणे सर्वांच्या आधी आणि दाव्याशिवाय वसूल होते ही कल्पना त्या आठवणीतून टिकली असावी असे मला वाटते.

मिरकरवाड्याच्या मालकाने कुलूप ठोकून सुटे भाग आपल्या घरी नेले, तर तो केवळ दिवाणी चूक करत नाही. धनकोने कर्जफेडीसाठी दबाव आणण्याकरिता ऋणकोची वस्तू त्याच्या संमतीविना त्याच्या ताब्यातून हलवली, तर ती चोरी होऊ शकते, असे कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८९५ मध्ये श्रीचरण चुंगो प्रकरणात ठरवले. वस्तू कायमची लाटण्याचा हेतू नव्हता, येणे खरे होते, हा बचाव तिथे चालला नाही. ज्या दंड संहितेखाली तो निर्णय झाला तिची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली असली, तरी चोरीच्या व्याख्येचा गाभा तोच आहे. भाडेकरारात 'भाडे थकल्यास माल जप्त करण्याचा मालकास अधिकार राहील' असे कलम लिहिलेले असते, आणि त्यावर अनेक मालक विसंबतात. अशा कलमातून फार तर तारणाचा दावा उभा राहू शकतो. भाडेकरू विरोध करत असताना बळाने ताबा घेण्याची मुभा त्यातून मिळत नाही, आणि नाखव्यांची इंजिने तारण ठेवण्याचा अधिकार तर भाडेकरूलाच नव्हता.

मालकासाठी खरा मार्ग दिवाणी न्यायालयाचा आहे. थकलेल्या भाड्याचा दावा तीन वर्षांच्या मुदतीत लावावा लागतो. भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या गाळ्यातून थकबाकीवरून बाहेर काढायचे असेल, तर आधी लेखी मागणीची नोटीस देऊन ९० दिवस थांबावे लागते, आणि दाव्याचे समन्स मिळाल्यावरही ९० दिवसांत थकबाकी व १५ टक्के साधे व्याज भरून भाडेकरू आपली जागा वाचवू शकतो. भाडेकरू रातोरात माल हलवण्याच्या बेतात असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३८ नियम ५ खाली निकालापूर्वीच जप्ती मागता येते. मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये रमण टेक प्रकरणात बजावले की हा अधिकार कठोर आहे आणि विनातारण येण्याचे तारणी येण्यात रूपांतर करण्यासाठी तो वापरायचा नाही. केवळ 'भाडे थकले आहे' एवढे सांगून भागत नाही. माल कुठे, कधी, कोणाकडे जात आहे हे शपथपत्रात नेमके सांगावे लागते, आणि अशा अर्जांत बहुधा कमी पडतो तो हाच तपशील.

हुकूमनामा मिळाल्यावर त्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या दरखास्तीत बेलिफ प्रत्यक्ष ताबा घेऊन माल जप्त करतो. कारागिराची अवजारे संहितेच्या कलम ६० ने तिथेही वाचवली आहेत, आणि नाखव्यांना आदेश २१ नियम ५८ खाली हरकत घेता येते. दुकान इंजिनांचे नसून मासळीचे असते, तर लवकर नासणारा माल बेलिफाला लगेच विकता आला असता.

ज्या देशातून हा हक्क आला, तिथे तो ६ एप्रिल २०१४ पासून राहिलेला नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्याच्या जागी केवळ व्यापारी जागांसाठी नवी पद्धत आली आहे. तिच्यात किमान सात दिवसांचे भाडे थकलेले असावे लागते, सात पूर्ण दिवसांची सूचना द्यावी लागते आणि जप्ती अधिकृत अंमलबजावणी अधिकाऱ्यानेच करायची असते.

मिरकरवाड्यात कुलूप आधीच पडले असेल, तर भाडेकरूसाठी वेळ महत्त्वाची आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली कायदेशीर प्रक्रियेविना ताबा गेलेल्या माणसाला मालकीच्या वादात न शिरता ताबा परत मागता येतो, पण दावा सहा महिन्यांत लावावा लागतो. त्याने कुलपाचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवावे, आतील मालाची यादी खरेदीच्या बिलांवरून करावी आणि पोलिसांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. थकबाकी मान्य असेल तर ती मनिऑर्डरने किंवा बँकेतून पाठवत राहावे, कारण भाड्याची जबाबदारी मालकाच्या कुलपामुळे आपोआप पुसली जात नाही.