काम थांबले तर आम्ही काय सांगू, काय सांगणार नाही

आम्ही पाच जणांचे छोटे दुकान. दादर ते मुलुंड या पट्ट्यात स्वयंपाकघराचे फर्निचर करतो. पाचांपैकी कुणाच्याही घरी अचानक दवाखान्याची धावपळ उभी राहिली, तर तुमचे काम रखडते. अशा वेळी आम्ही कसे कळवतो, ते काम देण्याआधीच तुम्हाला माहीत असावे.

गेल्या वर्षी मुलुंडला एका घरी गणपतीआधी ओटा आणि ट्रॉल्या पुऱ्या करायच्या होत्या. कामाच्या नवव्या दिवशी सकाळी अडचण आली. आम्ही अकराच्या आत फोन केला आणि पाठोपाठ हा मेसेज पाठवला:

«आमच्याकडे तातडीची वैद्यकीय अडचण आल्याने आजपासून ट्रॉल्या बसवण्याचे काम थांबले आहे. ओटा आणि नळ वापरता येतील. शटर वर्कशॉपमध्ये तयार आहेत. बदली माणसाची सोय बघतो आहोत. नवी तारीख गुरुवारी संध्याकाळी 6 पर्यंत कळवतो. तोपर्यंत पुढचा हप्ता देऊ नका.»

यात आजाराचे नाव नाही, माणसाचेही नाही. पाच जणांत «सुतार आजारी आहे» एवढे म्हटले, तरी कोण ते लगेच कळते. मग सोसायटीच्या वॉचमनपासून पुढच्या गिऱ्हाइकापर्यंत चर्चा पोचते, आणि तो माणूस बरा होऊन आला तरी «याला जमेल ना?» असे लोक विचारत राहतात. आपला आजार कुणाला सांगायचा, हे त्यानेच ठरवावे. म्हणून तुम्ही काळजीने विचारलेत तरी आम्ही एवढेच म्हणू, «विचारलंत, बरं वाटलं. बाकीचं घरच्यांपुरतं राहू द्या.»

मात्र खोटे कारणही देणार नाही. «प्लायवूड आलं नाही» म्हटले, तर तुम्ही प्लायवूडवाल्याला फोन कराल आणि आमच्यावरचा विश्वास तिथेच संपेल.

त्या मेसेजमध्ये आम्ही काम संपण्याची तारीख मुद्दाम दिली नव्हती. दवाखान्याचे वेळापत्रक आपल्या हातात नसते. घाईत दिलेली तारीख दुसऱ्यांदा मोडते. गुरुवारी बदली माणूस मिळाला. त्याला मापे पुन्हा तपासायला अर्धा दिवस लागला. ओट्याखालच्या ट्रॉल्या गणपतीआधी बसल्या, वरची कपाटे विसर्जनानंतर. सोसायटीची कामाची परवानगी संपत होती, तिच्या मुदतवाढीचे पत्र आम्हीच नेऊन दिले. त्या पत्रातही कारण एवढेच होते: वैद्यकीय अडचण.

एका बाबतीत मात्र गप्प राहणार नाही. तुमच्या घरी येऊन गेलेल्या कुणाला संसर्गाचा आजार निघाला, तर त्याचे नाव न घेता, पण आजार कोणता आणि तो माणूस कोणत्या दिवशी आला होता, हे त्याच दिवशी कळवू. घरात लहान मूल किंवा वयस्कर माणसे असतील तर तुम्हाला डॉक्टरांना विचारता आले पाहिजे.

गुरुवारसारखी ठरलेली वेळ आमच्याकडून चुकली, तर कोटेशनवरच्या दुसऱ्या नंबरवर फोन करा. तो मुद्दाम वेगळ्या माणसाकडे ठेवला आहे.