फोर्स मॅज्युअर: शब्द तोच, कायदा वेगळा

‘फोर्स मॅज्युअर इंग्रजी करारातही चालतं. मग फ्रेंच कलमाचं इंग्रजी भाषांतर करताना तो शब्द तसाच ठेवला की झालं ना?’

नाही. फोर्स मॅज्युअर म्हणजे करार पाळणं अशक्य करणारी, हाताबाहेरची घटना. फ्रान्समध्ये तिची व्याख्या कायद्यातच आहे: नागरी संहितेचं कलम १२१८, २०१६ च्या सुधारणेतलं. घटना ऋणकोच्या, म्हणजे ज्याला कर्तव्य पार पाडायचं आहे त्या पक्षाच्या, नियंत्रणाबाहेरची हवी, करार करताना तिचा वाजवी अंदाज येण्याजोगा नसावा, योग्य उपाय करूनही तिचे परिणाम टळू नयेत आणि तिच्यामुळे कर्तव्य पार पाडणं अशक्य व्हावं. इंग्लंडच्या कायद्यात अशी तयार व्याख्या नाही. तिथे कलमात लिहिलेल्या शब्दांवरच सगळं ठरतं.

समजा, बाटल्या पुरवण्याच्या करारात एवढंच आहे: ‘कलम १२१८ च्या अर्थाने फोर्स मॅज्युअर घडल्यास पुरवठा स्थगित राहील; अडथळा कायमचा असल्यास करार आपोआप संपुष्टात येईल.’ भाषांतरात ‘फ्रेंच नागरी संहितेचं कलम १२१८’ हा उल्लेख ठेवायलाच हवा. तो गळला, तर वरच्या सगळ्या अटी गळतात. ‘ॲक्ट ऑफ गॉड’ लिहिणं त्याहून वाईट. त्याचा रोख नैसर्गिक आपत्तीवर असतो, त्यामुळे सरकारी निर्यातबंदी बाहेर राहते.

क्रियापदंही जपा. कलम १२१८ मधल्या ‘आँपेश’ या फ्रेंच क्रियापदासाठी ‘प्रिव्हेंट’च हवं. ‘हिंडर’ घातलं, तर नुसती अडचण आलेला पुरवठादारही सुटू शकतो. आणि ‘रेझोल्यु द प्लॅं द्र्वा’ म्हणजे कायद्यानेच, नोटिशीशिवाय करार संपणं. तिथे ‘मे टर्मिनेट’ लिहिलंत, तर आपोआप घडणारी गोष्ट तुम्ही पक्षकाराच्या मर्जीवर सोडलीत.