8 टक्के फ्लॅट आणि 10 टक्के रिड्यूसिंग

"शोरूमवाला 8 टक्के फ्लॅट देतोय, बँक 10 टक्के म्हणते. मग शोरूमचंच लोन स्वस्त, नाही का?"

नाही. सांगलीत दुचाकीसाठी 1 लाखाचं, 3 वर्षांचं कर्ज घेतलं असं धरू. फ्लॅटमध्ये व्याज तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर लागतं. ते होतं 24,000 आणि हप्ता 3,444. पण दर हप्त्याला तुम्ही मुद्दलही फेडत असता. फेडलेल्या पैशावर व्याज कशाला द्यायचं? बँकेच्या रिड्यूसिंगमध्ये व्याज फक्त उरलेल्या मुद्दलावरच लागतं.

परतफेडीचा तक्ता मागून घ्या. त्यात दरमहा 667 रुपये असं सारखंच व्याज दिसलं, तर शेवटची ओळ बघा. तिथे मुद्दल उरलंय जेमतेम 2,778 आणि त्यावरही व्याज 667!

आता प्रोसेसिंग फी. समजा 3,000 कापले, म्हणजे हातात 97,000च आले. खरा दर त्याच रकमेवर काढायचा. मोबाइलवरच्या स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=RATE(36,-3444,97000)*12
```

उत्तर टक्केवारीत साधारण 16.7 येतं. फी धरली नाही तरी 14.5. फॉर्म्युला जमत नसेल तर नुसते हप्ते ताडून बघा: 10 टक्के रिड्यूसिंगने याच लाखाचा हप्ता 3,227 बसतो. मात्र मुदत दोन्हीकडे सारखी हवी, आणि बँकेचीही फी धरायची. विमा किंवा कागदपत्रांचा खर्च कर्जाच्या रकमेतच घातलाय का, तेही विचारा.