एमआरआयच्या फॉर्मवरचे प्रश्न आले कुठून?

एमआरआयला गेलं की काउंटरवर एक फॉर्म हातात देतात. तांबी, पेसमेकर, डोळ्याला इजा, पाळीची तारीख, दमा असं बरंच काही त्यात विचारलेलं असतं. ज्याचं डोकं दुखतंय त्याला वाटतं, याचा माझ्याशी काय संबंध? बरोबर आलेला मुलगा पटापट ‘नाही’वर खुणा करतो आणि सही घेऊन फॉर्म परत देतो. त्या यादीतले महत्त्वाचे प्रश्न मात्र कुणाला तरी इजा झाल्यावर किंवा कुणाचा जीव गेल्यावर तिथे आलेले आहेत. मराठी फॉर्म तयार करताना हा इतिहास माहीत नसेल, तर प्रश्न कागदावर उतरतो आणि तो ज्याला शोधायला निघाला होता, तो माणूस निसटतो.

सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे: रुग्णालयातल्या नेहमीच्या यंत्रांचं चुंबक कधीच बंद नसतं. द्रवरूप हेलियममध्ये थंड ठेवलेल्या वेटोळ्यातून वीज अखंड फिरत असते. दीड टेस्लाचं चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण तीस हजार पट असतं, आणि ते रात्री खोलीला कुलूप लावल्यावरही तसंच असतं. ‘तपासणी चालू नाही, म्हणजे यंत्र बंद आहे’ ही समजूत जगभर जीवघेणी ठरली आहे.

डोळ्याचा प्रश्न १९८० च्या दशकातला. पत्र्याच्या कामात आयुष्य गेलेल्या एका माणसाची अमेरिकेत एमआरआय झाली. डोळ्यात काही मिलिमीटरचा लोखंडी कण वर्षानुवर्षं बसून होता आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. चुंबकात तो कण हलला, डोळ्यात रक्तस्राव झाला आणि त्या डोळ्याची दृष्टी गेली. ते यंत्र आजच्या मानाने बरंच कमजोर, ०.३५ टेस्लाचं होतं. ही केस १९८६ साली छापून आली आणि धातूकाम करणाऱ्यांना डोळ्याबद्दल वेगळं विचारायची पद्धत रुळली.

मुंबईत हा प्रश्न कसा विचारायचा? ‘आपल्या शरीरात धातूचे बाह्य कण अथवा रोपण आहे काय?’ हे छापलेलं वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे. समजा, साकीनाक्याच्या गाळ्यात वीस वर्षं लेथ चालवलेले आणि आता एका सोसायटीत वॉचमन असलेले एक काका आलेत. ते प्रामाणिकपणे ‘नाही’ लिहितील. शरीरात काही आहे असं त्यांना वाटतच नाही. टेक्निशियनने विचारलं, “काका, वॉचमन व्हायच्या आधी काय काम करायचात?” की लेथ निघते. “डोळ्यात कधी लोखंडाचा कीस गेला होता?” “तो तर जायचाच. एकदा मात्र डॉक्टरकडे जाऊन काढावा लागला.”

आता पुढची पायरी ठरलेली आहे. धातूचा कण गेल्यामुळे डोळा डॉक्टरला दाखवावा लागला असेल, तर आधी डोळ्यांच्या खोबणीचे दोन बाजूंनी एक्स-रे काढायचे, किंवा त्या इजेनंतर कधी डोक्याचा सीटी झाला असेल तर तो पाहायचा. ‘काढला होता’ एवढ्यावर थांबायचं नाही, कारण एक कण काढला म्हणजे दुसरा राहिला नाही असं होत नाही. रेडिऑलॉजिस्टला काही दिसलं नाही तर एमआरआय होते. डोळ्याजवळ धातू दिसला तर ती तपासणी टाळून दुसरा मार्ग शोधायचा. म्हणून मराठी फॉर्मवर ‘लेथ, ग्राइंडर, वेल्डिंग किंवा पत्र्याचं काम कधीही केलं आहे का?’ असा कामाचा प्रश्न हवा, आणि त्यात ‘कधीही’ हा शब्द वगळू नये. आजचा धंदा विचारला तर उत्तर ‘वॉचमन’ येणार.

दुसरा धडा मेंदूतल्या क्लिपचा. फुगलेली रक्तवाहिनी बंद करायला जी क्लिप लावतात, ती जुन्या काळी चुंबकाला ओढली जाणाऱ्या पोलादाचीही असे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत अशा एका रुग्ण बाईंचा एमआरआयच्या वेळी मृत्यू झाला. अस्वस्थ करणारी गोष्ट अशी, की क्लिप आहे हे माहीत होतं. फक्त तिचा प्रकार चुकीचा कळवला गेला होता. तेव्हापासून इम्प्लांटच्या बाबतीत ‘हो’ हे अर्धंच उत्तर धरलं जातं. कंपनी कोणती, मॉडेल कोणतं, कधी बसवलं, याचा कागद लागतो. २००५ पासून उपकरणांवर तीन प्रकारचं लेबल येऊ लागलं: सुरक्षित, अटींवर सुरक्षित आणि असुरक्षित. आजची बहुतेक इम्प्लांट मधल्या गटात बसतात. २०११ साली अमेरिकेत एमआरआयसाठी मान्यता मिळालेला पहिला पेसमेकर त्यातलाच. त्याचं सेटिंग तपासणीपुरतं बदलावं लागतं आणि नंतर पूर्ववत करावं लागतं, पण त्याआधी तो आहे हे कळायला हवं.

इथेच मराठी फॉर्म कमी पडतो. ‘रोपण’ वाचून कुणाला आपला गुडघा आठवत नाही. लोक म्हणतात: पायात सळई टाकली, वाटी बदलली, छातीत मशीन बसवलं, अँजिओप्लास्टी केली, तांबी बसवली. स्टेंटचं नाव माहीत नसलेले, पण ‘हृदयात स्प्रिंग आहे’ म्हणणारे पेशंट मी रोज पाहते. यातल्या बऱ्याच वस्तूंनी एमआरआय अडत नाही, आणि हे फॉर्मवर स्पष्ट लिहिलं पाहिजे: ‘हो म्हटल्याने तपासणी नाकारली जाईलच असं नाही.’ दोन महिने थांबून नंबर लागलेला माणूस तो हुकेल या भीतीने गप्प बसतो. शिवाय शेवटी एक मोकळा प्रश्न हवा: ‘आजवर कुठलंही ऑपरेशन झालं आहे का? कुठे, कधी?’ शेजारी शरीराचं चित्र असावं, ज्यावर जागा दाखवता येते. डिस्चार्ज कार्ड रत्नागिरीला घरी राहिलं असेल तर तिथून फोटो मागवायचा आणि तो येईपर्यंत तपासणी थांबवायची.

अमेरिकेत २००१ साली न्यू यॉर्क राज्यात एमआरआय टेबलावर असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला खोलीत आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर लागला आणि तो गेला. पुढच्याच वर्षी अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजी या तिथल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने सुरक्षेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाहेरच्या दारापासून यंत्राच्या खोलीपर्यंतच्या जागेची चार झोनमध्ये आखणी त्यातूनच रूढ झाली, आणि पेशंटला दोन वेगवेगळ्या माणसांनी विचारायचं, त्यातला एक एमआरआय सुरक्षेचं पुरेसं प्रशिक्षण घेतलेला हवा, हा नियमही. आपल्याकडे २०१४ मध्ये खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात सिलिंडरमुळे दोन कर्मचारी यंत्राला चिकटून काही तास अडकले. २०१८ च्या जानेवारीत नायर रुग्णालयात नातेवाइकाबरोबर आलेल्या तरुणाचा सिलिंडरसकट ओढला जाऊन मृत्यू झाला. तो पेशंट नव्हता. पेशंटपुरता असलेला कुठलाही फॉर्म त्याच्यापर्यंत पोचला नसता. म्हणून आत येणाऱ्या प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे, आणि दारावर मराठीत व हिंदीत ठळक लिहायचं: ‘चुंबक नेहमी चालू असतं.’

कॉन्ट्रास्टची, म्हणजे चित्र स्पष्ट यावं म्हणून देतात त्या औषधाची, कहाणी वेगळी आहे, कारण तिथे धोका इंजेक्शनमधून येतो. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम आणि सीटीमध्ये आयोडीनयुक्त औषध देतात. एकाची रिअॅक्शन आली म्हणजे दुसऱ्याची येईलच असं नाही, तेव्हा आधी कुठल्या तपासणीत काय दिलं होतं हे विचारावं लागतं. सर्वांत मोठी खूण म्हणजे त्याच प्रकारच्या औषधाची आधीची रिअॅक्शन. त्याने धोका साधारण पाचपट होतो. ‘आपणास अॅलर्जी आहे का?’ विचारलं की मुंबईकर ‘धुळीची’ म्हणतो. तेच ‘डाय दिल्यावर किंवा कुठल्याही इंजेक्शन-गोळीनंतर अंगावर पित्त उठलं होतं, गांधी आल्या होत्या, श्वास लागला होता का?’ असं विचारलं की आठवतं. ‘अंगावर’ वगळलं तर लोक पोटातलं पित्त समजतात. आणि कोळंबीची अॅलर्जी म्हणून सीटी नाकारण्याची प्रथा अजून टिकून आहे. तिला आधार नाही. कोळंबीची अॅलर्जी तिच्यातल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. जुन्या प्रश्नावलीतून हा प्रश्न भाषांतर करताना तसाच उचलला जातो.

गरोदरपणाबद्दल दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नाही, गरज असेल तर ती करता येते. गॅडोलिनियम मात्र टाळतात. २०१६ साली कॅनडातल्या ओंटारिओमधून चौदा लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास आला. गरोदरपणात गॅडोलिनियम मिळालेल्यांत मृत बालक जन्मणं किंवा जन्मानंतर लगेच दगावणं जास्त दिसलं. ती प्रकरणं संख्येने थोडी होती, पण खबरदारी घ्यायला पुरेशी.

‘तुम्ही गरोदर नाही ना?’ हा मराठी फॉर्मवरचा सगळ्यात धोकादायक प्रश्न मला वाटतो. ‘हो’ म्हणजे काय? हो, नाहीये? की हो, आहे? सुरुवात ‘शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली?’ अशी हवी. तारीख लांबली असेल तर पुढचं विचारता येतं, गरज पडली तर लघवीची चाचणी करता येते. हे सासूसमोर, नवऱ्यासमोर किंवा शाळकरी मुलीच्या आईसमोर विचारायचं नाही. कपडे बदलायच्या खोलीत, बाई कर्मचाऱ्याने, हळू आवाजात विचारायचं. स्तनपान करणाऱ्या आईला मात्र घाबरवू नये. औषधाचा दुधात उतरणारा अंश इतका कमी असतो की सहसा पाजणं थांबवावं लागत नाही.

भाषांतर तपासायची जुनी पद्धत अशी, की एकाने मराठी करायचं आणि मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजी. १९७० च्या सुमारास संशोधनात ती रूढ झाली. तिचा उपयोग आहे, पण ‘रोपण’ परत ‘इम्प्लांट’च होतं आणि परीक्षा बिनचूक पास होते. म्हणून आणखी एक पायरी लागते: फॉर्म खऱ्या पेशंटसमोर ठेवून ‘हा प्रश्न काय विचारतोय, तुमच्या शब्दांत सांगा’ असं म्हणायचं. अक्षरओळख कमी असलेल्या मावशींना वाचून दाखवून, आणि मुंबईबाहेरच्या बोलीतल्या माणसांनाही. जिथे उत्तर अडखळतं, ते वाक्य बदलायचं आणि फॉर्मच्या खाली आवृत्तीची तारीख घालायची. तारीख लागते, कारण यादी वाढत जाते: दंडावर चिकटवलेला साखर मोजायचा सेन्सर किंवा औषधाची पट्टी लोकांना अंगातली वस्तू वाटत नाही, आणि काही पट्ट्यांच्या मागे धातूचा पातळ थर असतो, तो तपासणीत तापून कातडी भाजते.